‘सोडू का?’ या प्रश्नाची फी किती?

शिरूर-दौंडकडे ज्योतिषासमोर येणारे प्रश्न बहुतेक ‘कधी’चे असतात. मुलीचं लग्न कधी जमेल, पोराला रांजणगावच्या कंपनीत कायम कधी करतील, वाटपाचा दावा कधी निकाली निघेल. या उत्तरांत चूक झाली तरी माणूस वाट बघत बसतो, एवढंच नुकसान. ‘नवऱ्याला सोडू का’ किंवा ‘ठरलेली सोयरीक मोडू का’ हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. इथे उत्तर ऐकून कुणीतरी खरोखर बॅग भरतं, किंवा भरलेली बॅग परत सोडतं. म्हणून या एका प्रश्नासाठी ज्योतिषाकडे जाताना पैसे कशाचे द्यायचे, कशाचे द्यायचे नाहीत आणि समोरच्याने कसं वागलं तर तो प्रामाणिक समजावा, याचा हा हिशेब आहे. ज्योतिष खरं की खोटं या वादात ज्यांना पडायचं नाही, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

फीपासूनच सुरुवात करू. या भागात समोरासमोर पत्रिका दाखवायला साधारण दोनशे-तीनशेपासून हजार-दीड हजारापर्यंत घेतात. काही ठिकाणी अजून ‘यथाशक्ती दक्षिणा’ चालते. ऐकायला ते बरं वाटतं, पण अडचणीतल्या माणसाला ‘यथाशक्ती’ महाग पडते, कारण रडत आलेली बाई पाकिटात कमी ठेवत नाही. तेव्हा फोनवर वेळ घेतानाच विचारा: एका बैठकीची फी किती, ती किती वेळ चालते, जोडीदाराची पत्रिका बघायचे वेगळे पैसे आहेत का. या तीन प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

मोबाइलवरच्या ज्योतिषाचा हिशेब मिनिटावर असतो. पहिली काही मिनिटं फुकट देतात, नंतर वॉलेटमधून पैसे कापले जातात. समजा, दर मिनिटाला वीस रुपये आहे. भांडणाची हकीकत सांगायलाच पंधरा मिनिटं जातात आणि पाऊण तासाच्या बोलण्याचे नऊशे होतात. ज्याला मिनिटावर पैसे मिळतात त्याला तुमचा प्रश्न लवकर संपवण्यात काही मिळत नाही, आणि ‘परवा पुन्हा बोलू’ म्हणण्यात मिळतं. नातं तोडण्याच्या प्रश्नाला ही पद्धत सगळ्यांत वाईट. एकरकमी फी घेणारा आणि समोर बसणारा माणूस त्यापेक्षा बरा.

आता या फीत मिळतं काय, ते पाहू. पत्रिका मांडणं हे आता मोबाइलवर फुकट होतं. त्याचे पैसे देऊ नका. पैसे असतात ते वाचनाचे. आणि वाचन किती बारीक होऊ शकतं याला दोन हद्दी आहेत. त्या ज्योतिषाला माहीत असतात, ग्राहकाला नसतात.

जन्मवेळेची हद्द

जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. वेळ असते दवाखान्याच्या कागदावर, आणि तो कागद घरात क्वचितच सापडतो. मग आई किंवा आत्या सांगते, ‘दिवेलागणीला झाली.’ दिवेलागण म्हणजे साडेसहा ते साडेसात, धरा तासाभराचं अंतर.

एक उदाहरण घेऊ. खऱ्या कुणाचं नाही, हिशेबासाठी मांडलेलं आहे. दौंड तालुक्यातली एकोणतीस वर्षांची बाई, लग्नाला चार वर्षं झालेली, तीन वर्षांची मुलगी. नवरा रांजणगाव एमआयडीसीत कामाला. गेले पाच महिने ती माहेरी आहे. दाते पंचांगाप्रमाणे जन्म भरणी नक्षत्रावर, मेष राशीत, चंद्र सुमारे अठरा अंशांवर. भरणी हे शुक्राचं नक्षत्र, म्हणून जन्मापासून शुक्राची महादशा धरायची. ती एकूण वीस वर्षांची, पैकी साधारण तेरा वर्षं जन्मावेळी शिल्लक. त्यापुढे सूर्याची सहा, मग चंद्राची दहा. तेरा, सहा आणि दहा म्हणजे एकोणतीस. चंद्राची दशा संपून मंगळाची सुरू होण्याच्या उंबरठ्यावर ती आत्ता उभी आहे. ‘मंगळ लागला, आता तुटेपर्यंत ताणणार’ किंवा ‘दिवाळीनंतर बघा’ अशी वाक्यं इथूनच निघतात.

पण चंद्र तासाला साधारण अर्ध्या अंशाहून थोडा जास्त पुढे सरकतो. जन्मवेळ एक तास इकडेतिकडे झाली तर या पत्रिकेतली प्रत्येक दशा सुमारे दहा महिन्यांनी मागेपुढे होते. पाव तास चुकला तरी अडीच महिने. म्हणजे ज्या वेळेला आत्या ‘दिवेलागण’ म्हणते, त्या वेळेवरून दिवाळी आणि पुढचा गणपती यांतला फरक सांगता येत नाही. लग्न साधारण दोन तासांत बदलतं, त्यामुळे एका तासात तेही बदललेलं असू शकतं. नवमांशाचं लग्न तर सरासरी तेरा-चौदा मिनिटांत बदलतं. आणि वैवाहिक जीवन नवमांशावरून बघतात. जन्मवेळ कुठून आली हे न विचारता जो नवमांश उघडून बोलायला लागतो, त्याने फीपुरतंही काम केलेलं नाही.

दुसरी हद्द पंचांगाची. आपल्याकडे बहुतेक घरांत सोलापूरचं दाते पंचांग चालतं, ते चित्रापक्षाचं. टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांच्या अयनांशात सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणूनच कधीकधी त्यांचे अधिकमास वेगळे येतात आणि सण महिन्याने चुकतात. आता हाच फरक आपल्या उदाहरणात घाला. टिळक पंचांगाने या बाईचा चंद्र बावीस अंशांवर जातो. भरणीच राहते, पण शुक्राची दशा तेराऐवजी सातच वर्षं शिल्लक उरते. म्हणजे तिची मंगळाची दशा सहा वर्षांपूर्वीच लागली आणि आता ती संपत आली आहे. एका पंचांगाने वाईट काळ दाराशी उभा आहे, दुसऱ्याने तो वर्षभरात जाणार आहे. आणि दोन्हींच्या मधोमध, दोन वर्षांपूर्वी, नवऱ्याची नोकरी बदलली तेव्हा भांडणं सुरू झाली, ती कुठल्याच पंचांगाच्या दशाबदलाशी जुळत नाहीत. ही गोष्ट ज्योतिषाने स्वतःहून सांगायला हवी. सांगत नसेल तर तुम्ही विचारा: ‘गुरुजी, अयनांश कोणता धरला? दुसरा धरला तर दशा काय येते?’ मोबाइलच्या अॅपमध्येही लाहिरी, रामन, कृष्णमूर्ती असे पर्याय असतात. दोन पर्याय टाकून घरीच पडताळता येतं.

ज्यात सगळेच बसतात

‘साडेसाती चालू आहे’ हे ऐकल्यावर लोक मान डोलावतात. हिशेब करून बघा. साडेसाती कोणत्याही वेळी बारांपैकी तीन राशींना असते. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेल्यापासून ती कुंभ, मीन आणि मेषेला आहे. म्हणजे दर चौघांत एकाला. नवरा-बायको दोघे धरले तर दोघांपैकी एकाला तरी साडेसाती असण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस. तेवढीच सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांतही.

मंगळाचं त्याहून पुढचं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ म्हणजे मंगळाची पत्रिका, ही महाराष्ट्रातली रीत. बारांपैकी पाच घरं. दोघांपैकी एकाच्या तरी पत्रिकेत असा मंगळ असण्याची शक्यता जवळपास दोन-तृतीयांश होते. त्यामुळे ‘तुमच्या घरात मंगळामुळे कटकट आहे’ हे वाक्य भांडणाऱ्या कुठल्याही जोडप्याला म्हटलं तरी बहुधा लागू पडतं. मंगळाचे अपवाद सांगणारे नियमही पुष्कळ आहेत, म्हणजे तो काढूनही टाकता येतो. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या या गोष्टीवर कुणी नातं तोडायला सांगत असेल, तर त्याने तुमच्या घराबद्दल वेगळं असं काहीच सांगितलेलं नाही, हे ध्यानात ठेवावं.

अशा दाव्यांची तपासणी पुण्यात झालेली आहे, आणि ती प्रत्येक ग्राहकाला माहीत असावी. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवायच्या आणि हुशार कोण ते ओळखायला सांगायचं, एवढंच काम होतं. एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं निघाली शेकडा शेचाळीस. नाणं उडवून शेकडा पन्नास येतात. सगळ्यांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीसचा होता. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, तिची एकशे दोन बरोबर आली. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

ही चाचणी बुद्धीची होती, लग्नाची नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. लग्नाची चाचणी अमेरिकेत झाली. बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी मिशिगन राज्यात १९६७ आणि १९६८ साली लग्न केलेली २,९७८ जोडपी आणि घटस्फोट घेतलेली ४७८ जोडपी घेतली, आणि ज्योतिषांनी जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या म्हणून सांगितलेल्या राशींशी ती ताडून पाहिली. काही मेळ लागला नाही. ती पाश्चात्त्य सूर्यराशींची चाचणी होती, आपल्या गुणमेलनाची नाही. पण ज्याला ‘आमच्या पद्धतीत घटस्फोट दिसतो’ असं म्हणायचं आहे, त्याच्यावर तसं दाखवून देण्याची जबाबदारी येते. आणि ‘माझ्या अनुभवात’ हे काही दाखवून देणं नव्हे. ज्यांचा घटस्फोट झाला ते परत येऊन सांगतात. ज्यांचा झाला नाही ते येत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंदच राहत नाही.

चांगली बैठक कशी असते

मग ज्योतिषाने करावं काय? आपल्या उदाहरणातली बाई समोर बसलेली आहे, सोबत आई. पहिलं काम पत्रिका उघडण्याचं नाही. आईला चहाच्या निमित्ताने बाहेर बसवायचं. आईसमोर मुलगी जे सांगते आणि एकटी असताना जे सांगते, त्यात पुष्कळ अंतर असतं. मग सरळ विचारायचं, ‘ताई, घरात हात उचलला जातो का? पोरीला किंवा तुम्हाला जिवाची भीती आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पत्रिकेचं काम तिथेच संपलं. मार खाणाऱ्या बाईला ‘मार्चपर्यंत कळ काढा’ सांगणारा ज्योतिषी तिला धोक्यात ढकलतो, मग त्याचा मार्च बरोबर येवो की न येवो.

आपल्या उदाहरणात मारहाण नाही, असं धरू. मग दुसरा प्रश्न: ‘नेमकं काय झालं म्हणून तुम्ही आज आलात?’ पाच महिने माहेरी बसलेली बाई आजच का उठून आली, यात खरा प्रश्न दडलेला असतो. इथे ती सांगते की नवऱ्याने तिचं सोनं तिला न विचारता तारण ठेवून कर्ज काढलंय, पितो, पाच महिन्यांत एक रुपया पाठवला नाही, आणि जूनमध्ये पोरीला बालवाडीत घालायचं तर कुठल्या गावात, हे ठरवायचं आहे. म्हणजे ‘सोडू का’ या एका प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न आहेत. सोनं परत कसं मिळेल, हा वकिलाचा. दारू सुटेल का, हा डॉक्टरचा आणि नवऱ्याचा. पोरीची शाळा कुठे, हा तिचा स्वतःचा. यांपैकी एकाचंही उत्तर शुक्राकडे नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार थोडे ज्योतिषी विचारतात: ‘पत्रिका नावाची गोष्टच नसती तर तुम्ही काय केलं असतं?’ बहुतेक माणसं याचं उत्तर लगेच देतात. निर्णय आतून झालेला असतो, फक्त त्यावर कुणाचा तरी शिक्का हवा असतो. ‘मीच तोडलं’ म्हणण्यापेक्षा ‘पत्रिकेतच नव्हतं’ म्हणणं भावकीत सोपं जातं.

यानंतर पत्रिका उघडावी आणि जे परंपरेत आहे ते परंपरेच्या नावाने सांगावं. ‘सप्तमेश असा आहे, शुक्र असा आहे, या दशेला आमच्या शास्त्रात वैवाहिक ताणाचा काळ मानतात. तुमची जन्मवेळ तासभर ढिली आहे, म्हणून महिन्याचं भाकीत मी करणार नाही. तुम्ही सोडावं की राहावं हे पत्रिकेत लिहिलेलं नसतं. ते मी सांगितलं तर माझं मत शास्त्राच्या नावावर खपवल्यासारखं होईल.’ एवढं बोलणारा माणूस भेटला तर त्याची फी रास्त समजा. त्याने तुमचं काही सोडवलं म्हणून नव्हे. पाऊण तास कुणी बाहेरच्या माणसाने निवाडा न करता ऐकून घेतलं आणि प्रश्न सुटे करून दिले, याची ती फी.

काही वाक्यं मात्र कोणत्याही परिस्थितीत ज्योतिषाच्या तोंडून येऊ नयेत. ‘दुसऱ्या लग्नाचा योग आहे’ हे त्यातलं पहिलं. तुटायच्या काठावर असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे ढकलणंच. ‘नवऱ्याच्या आयुष्याला धोका दिसतो’ हे दुसरं. भीतीपोटी बाई राहते किंवा भीतीपोटी खर्च करते. आणि ‘कुणीतरी काहीतरी केलंय’ हे तिसरं. नाव घेतलं नाही तरी घरी पोचेपर्यंत ते सासूवर किंवा जावेवर जाऊन बसतं.

जोडीदाराच्या पत्रिकेचीही एक गोष्ट. तो समोर नसतो, त्याची बाजू कुणी ऐकलेली नसते. त्याच्या पत्रिकेवरून ‘बाहेर कुणीतरी आहे’ असं सांगणं म्हणजे गैरहजर माणसावर पुराव्याशिवाय आरोप करणं. प्रामाणिक ज्योतिषी ही दुसरी पत्रिका बघायला नकार देतो. ग्राहकाचा त्यात एका फीचा फायदाही होतो.

सोयरीक मोडण्याचा प्रश्न थोडा निराळा. आपल्याकडे ‘पत्रिका जमत नाही’ हा नकार देण्याचा सभ्य मार्ग आहे. पोरगं आवडलं नाही, जमीन कमी निघाली, असं तोंडावर सांगावं लागत नाही. साखरपुड्यानंतर हेच निमित्त विकत घ्यायला लोक येतात. छत्तीसपैकी एकवीस गुण जमले म्हणून साखरपुडा केला, आणि आता त्याच पत्रिकेत एकनाडी काढून द्या म्हणतात. ज्योतिषाने ते करू नये. नाडीदोष असता तर आठ गुण तेव्हाच गेले असते आणि तेव्हाच दिसले असते. मोडायचं असेल तर घरच्यांनी आपलं कारण आपल्या तोंडाने सांगावं. मुलीच्या पत्रिकेवर ठपका ठेवून मोडलं तर तो ठपका तिच्या पुढच्या स्थळापर्यंत चालत जातो.

बिल कुठे फुगतं

फीमध्ये फार कुणी बुडत नाही. बुडतात ते उपायांत. समजा, आपल्या बाईला सांगितलं की गुरू बळकट करायला पुष्कराज घाला आणि एक शांती करून घ्या. पाच कॅरेटचा खडा, कॅरेटला तीन हजार धरला तर पंधरा हजार. अंगठी दोन हजार. शांती सात हजार. दोघी मायलेकींचं येणंजाणं, राहणं तीन हजार. दोन बैठका पाचशे-पाचशेच्या. झाले अठ्ठावीस हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण खरं आहे: बैठकीचे हजार, आणि त्यामागून येणारे सत्तावीस हजार. इतक्या पैशांत तारण ठेवलेल्या सोन्याचा काही भाग सुटला असता.

खडा घ्यायचाच असेल तर ज्योतिषाने सांगितलेल्या दुकानातून घेऊ नका, आणि भाव रत्तीवर नको, कॅरेटवर मागा. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, ते सगळीकडे सारखं. रत्ती दुकानागणिक बदलते. पक्कं बिल आणि रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या. शांतीसाठी त्र्यंबकेश्वराला पाठवतात तेव्हाही विचारा: सांगितलेला विधी एका दिवसाचा की नारायण नागबळीसारखा तीन दिवसांचा, साहित्य कुणाचं, दक्षिणा त्यातच धरली आहे का. श्रद्धेने करणाऱ्याने करावं. पण ‘हे केलं की नवरा परत येईल’ असं कुणी सांगितलं तर ते कागदावर तारखेसह लिहून मागा. देत नाहीत. आला तर शांतीमुळे, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी पडली, असा दुहेरी हिशेब तोंडी ठेवलेलाच बरा असतो.

त्याहून घातक खर्च म्हणजे थांबण्याचा. ‘दोन वर्षं काही करू नका’ हा सल्ला फुकट वाटतो, पण कायद्याची घड्याळं ज्योतिषासाठी थांबत नाहीत. फसवून लग्न लावलं असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दशा बदलायची वाट बघत दोन वर्षं गेली तर तो रस्ता बंद. उलट बाजूनेही घाई करून चालत नाही: लग्नाला वर्ष होण्याआधी सहसा घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही, आणि परस्परसंमतीने घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर पुन्हा सहा महिने. ही सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा ‘या महिन्यातच मुहूर्त आहे, तोडून टाका’ या सल्ल्यालाही काही अर्थ उरत नाही.

ही माहिती शिरूर किंवा दौंडमध्ये फुकट मिळते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारात असते, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवरून विचारायचं तर १५१००. आपल्या उदाहरणातल्या बाईने पहिली फेरी तिथे मारायला हवी होती, तारणाची पावती किंवा तिची झेरॉक्स सोबत घेऊन. मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, त्याचेही पैसे नाहीत.

फसलात तर

भाकीत चुकलं म्हणून भरपाई मिळणं फार अवघड आहे. पण खडा खोटा निघाला, पैसे घेऊन विधी केलाच नाही, ठरल्यापेक्षा जास्त उकळले, ही पैसे घेऊन दिलेल्या मालातली आणि सेवेतली खोट आहे. बिल, यूपीआयची नोंद, संदेश जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर पुण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. नुसता ज्योतिषाचा सल्ला या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पण भुताची, करणीची भीती घालणं, आपल्यात अलौकिक शक्ती आहे असं भासवून लुबाडणं, हे त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. पुणे-दौंड गाडीच्या डब्यात ‘रुठा प्यार वापस, चोवीस घंटे में’ अशी स्टिकरं वाचत प्रवास करणाऱ्यांनी त्या नंबरवर फोन करण्याआधी हे आठवावं. दैवी शक्तीचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्येच सांगितलं आहे. दबाव आला, फोटो किंवा खासगी माहिती पसरवण्याची धमकी आली, तर पैसे देत बसू नका. शिरूर आणि दौंड दोन्ही पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आहेत, ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि या दोन तालुक्यांतल्या ज्योतिषांना एक विनंती. टेबलावर पंचांगाशेजारी १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि १५१०० हा विधी सेवेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. समोरची बाई मारहाणीबद्दल बोलली की पत्रिका मिटवा, तो कागद तिच्या हातात द्या, आणि त्या बैठकीची फी घेऊ नका.